शेजारशेजारचे दोन मॉनिटर आणि एकच पांढरा

कॅटलॉगसाठी काढलेला कोल्हापुरी चपलेचा फोटो डाव्या मॉनिटरवर उघडला की कातडं जसं हवं तसंच दिसायचं, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं, ऊबदार तपकिरी. तीच खिडकी उजव्या मॉनिटरवर ओढली की कातडं निळसर, थंड व्हायचं आणि वरचा लाल गोंडा मात्र भडकून उठायचा. फोटो एकच, संगणक एकच, तरी छपाईला नेमका कोणता रंग जाणार हे दोन्हीकडे बघून सांगता येत नव्हतं. राजारामपुरीतल्या या टेबलावर दोन्ही मॉनिटर जुळवायला सलग दोन संध्याकाळी लागल्या. त्यातली निम्मी वेळ एकाच कोड्यात गेली: रंग मोजणारा मीटर दोन्हीकडे तोच आकडा दाखवतोय, मग डोळ्याला दोन पांढरे वेगळे का दिसतात?

डावा मॉनिटर चोवीस इंची, जुना, साध्या पांढऱ्या एलईडीचा, आयपीएस जातीच्या पॅनेलचा. रंगांची व्याप्ती एसआरजीबीएवढी, म्हणजे वेबवरचे नेहमीचे रंग दाखवण्यापुरती. उजवा सत्तावीस इंची, नवा, हाही आयपीएसच, पण वाइड गॅमट, म्हणजे पी३ या त्याहून मोठ्या व्याप्तीच्या जवळपास रंग दाखवणारा. मीटर आय१ डिस्प्ले प्रो जातीचा कलरीमीटर आणि मोजणीसाठी आर्गिल या सॉफ्टवेअरवर चालणारं DisplayCAL.

पहिलं काम मोजायचं नसतं, झाडून साफ करायचं असतं. दोन्ही मॉनिटर त्यांच्या मेनूतून फॅक्टरी रीसेट केले. मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, निळा प्रकाश कमी करणारा मोड, खोलीच्या उजेडाप्रमाणे स्वतःच कमीजास्त होणारा ब्राइटनेस, यातलं जे जे दिसलं ते बंद केलं. विंडोजमधला `Night light` आणि एचडीआरही बंद. यातली एक गोष्ट जरी चालू राहिली तरी मीटरखालचा ठिपका मोजता मोजता बदलतो आणि पुढचं सगळं गणित वाळूवर उभं राहतं. डायनॅमिक कॉन्ट्रास्टची खूण सोपी आहे. काळ्या पडद्यावर छोटी पांढरी चौकट ठेवा, मग पडदाभर पांढरं करा. चौकटीचा पांढरा आणि पडदाभरचा पांढरा यांच्या उजेडात ठळक फरक दिसला तर मॉनिटर आपल्या मनाने काहीतरी करतोय.

साफसफाई करतानाच केबलची भानगड सापडली. उजवा मॉनिटर एचडीएमआयवर होता आणि ग्राफिक कार्डाने त्याला टीव्ही समजून मर्यादित रेंज पाठवायला सुरुवात केली होती, म्हणजे काळा ० ऐवजी १६ ला आणि पांढरा २५५ ऐवजी २३५ ला. मॉनिटरला पूर्ण रेंजची अपेक्षा असली की अशा वेळी काळा राखाडी दिसतो आणि सगळ्या चित्रावर पातळ दुधाची साय आल्यासारखी वाटते. हा दोष कॅलिब्रेशनने झाकायचा प्रयत्न कधीच करू नये, तो उगमावरच काढावा लागतो. एनव्हिडियाच्या पॅनेलमध्ये `Change resolution` खाली `Use NVIDIA color settings` निवडून `Output color format` ला `RGB` आणि `Output dynamic range` ला `Full` केलं. साय गेली. उलट चूकही होते: कार्ड पूर्ण रेंज पाठवतंय आणि मॉनिटर मर्यादित समजतोय, अशा वेळी काळ्या केसांमधले तपशील गडप होऊन नुसता काळा डाग उरतो.

मग दोन्ही मॉनिटर चालू ठेवून अर्धा तास सोडून दिले. गार मॉनिटरचा उजेड आणि पांढरा दोन्ही हळूहळू सरकत असतात. मधे वीज गेली तर पुन्हा अर्धा तास थांबायचं, इन्व्हर्टरवर मॉनिटर चालू राहिला असेल तरच सूट. खोलीबद्दलही इथेच सांगून टाकतो. आपल्याकडे पावसाळ्यात खिडकीतला उजेड दर पाच मिनिटांनी बदलतो, ढग आला की निळसर, सरला की पिवळा. म्हणून काम सात वाजल्यानंतर, पडदे ओढून, एकच कूल डे-लाइट ट्यूब डोक्यामागे लावून केलं, तिचं प्रतिबिंब काचेवर पडणार नाही अशा बेताने. दोन्ही मॉनिटरांची उंची सारखी केली आणि दोन्ही किंचित आत वळवले, म्हणजे बसल्या जागेवरून दोन्हींकडे नजर सरळ जाते. आयपीएस असला तरी तिरकं बघितलं की रंग थोडा हलतोच, आणि तो हललेला रंग मेनूतून दुरुस्त करत बसणं म्हणजे भलत्याच रोगावर औषध.

आता प्रश्न असा की कुणाला कुणासारखं करायचं? नवा मॉनिटर चांगला म्हणून त्यालाच नमुना मानायचा मोह होतो. तो आवरावा. जुना मॉनिटर वर जाऊ शकत नाही, त्याचा उजेड मर्यादित, रंग मर्यादित. नव्याला खाली येणं जमतं. शिवाय पुढे कळेल त्या कारणाने मीटरचा आकडाही जुन्या, साध्या एलईडीच्या बाबतीत डोळ्याशी जास्त इमान राखतो. म्हणून डावा नमुना आणि उजवा त्याच्या मागे जाणारा, असं ठरवलं.

मोजणीसाठी DisplayCAL उघडायचीही गरज नाही, आर्गिलची एक ओळ पुरते. पडद्याच्या मध्यावर शुद्ध पांढरी चौकट उघडून, मीटर काचेला सपाट टेकवून ही आज्ञा द्यायची:

```
spotread -e -x -X wled.ccss
```

`-e` म्हणजे स्वतः उजेड देणारी वस्तू मोजतोय. `-x` मुळे उत्तरात XYZ नंतर Yxy पुढे तीन आकडे येतात: पहिला उजेड, निट या एककात, मग x आणि y, म्हणजे पांढऱ्याचा रंग नेमका कुठे आहे ते. `-X` नंतरची फाइल त्या जातीच्या बॅकलाइटचा वर्णपट मीटरला सांगते. ती का लागते ते पुढे येईलच.

डाव्याचा ब्राइटनेस पूर्ण १०० वर होता आणि उत्तर आलं १९६ निट, x ०.३२०५, y ०.३३५५. हे साधारण ६०५० केल्विनचं पांढरं, म्हणजे पिवळटाकडे झुकलेलं. जुन्या मॉनिटरमध्ये असं पांढरं नेहमी सापडतं. उजवा कारखान्यातून आला तसाच, ब्राइटनेस ७५ वर ३०० निट, x ०.३०४५, y ०.३१८०, साधारण ७१०० केल्विन, निळसर. चपलेचं कातडं डावीकडे ऊबदार आणि उजवीकडे थंड का, याचं उत्तर या दोन ओळींत आहे. फोटोत काही खोट नव्हती, दोघांचं पांढरंच वेगळं होतं. तपकिरी रंग पांढऱ्याच्या बदलाला फार हळवा असतो, म्हणून फरक तिथे आधी दिसला.

लक्ष्य ठरवलं पांढऱ्यासाठी डी६५, म्हणजे x ०.३१२७ आणि y ०.३२९०, गॅमा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या छटांचा चढ, २.२, आणि उजेड ११० निट. या खोलीत छापील पानाशेजारी मॉनिटर ठेवून बघितलं तर ११० ला कागद आणि पडदा एका घरातले वाटतात. डाव्याच्या १९६ मधून रंग सुधारण्यात थोडा उजेड जाणार होता, तरी ११० साठी भरपूर शिल्लक राहत होता.

मेनूत `User` रंग निवडून लाल, हिरवा, निळा यांचे गेन, म्हणजे त्या त्या रंगाचं प्रमाण, हलवायचे. यातला नियम पक्का आहे: गेन कमी करायचा, १०० च्या वर न्यायचा नाही. वर नेला तर पांढऱ्याजवळच्या छटा एकमेकींत मिसळतात आणि नवरीच्या पांढऱ्या मोगऱ्याच्या गजऱ्यात कळ्या उरत नाहीत, नुसता पांढरा पट्टा दिसतो. डाव्यात निळा कमी पडत होता, म्हणून निळा १०० वर ठेवून लाल ९५ आणि हिरवा ९७ केला. पांढरा डी६५ वर आला, उजेड १९६ वरून १८३ झाला. मग ब्राइटनेस ४९ वर आणला तेव्हा ११० मिळाले. कॉन्ट्रास्टला हात लावला नाही, कारखान्यात जिथे होता तिथेच ठेवला.

उजव्यात निळा जास्त होता, म्हणून उलट: लाल १००, हिरवा ९९, निळा ९५. ब्राइटनेस १७. मीटरने x ०.३१२७, y ०.३२९० दाखवलं. आकडे तंतोतंत.

आणि डोळ्याला उजवा पिवळट, थोडा हिरवटाकडे झुकलेला दिसत होता. दोन कोरी पानं शेजारी ठेवली आणि त्यातलं एक वर्षभर कपाटात पडून होतं, असा फरक. इथेच बहुतेक जण मीटरला दोष देतात किंवा "चालतंय की" म्हणून उठतात.

दोन कारणं असू शकतात आणि ती क्रमाने तपासावी लागतात. पहिलं म्हणजे मीटरलाच चुकीची फाइल दिली असेल. कलरीमीटर म्हणजे रंगीत गाळण्या लावलेले प्रकाशसंवेदक. त्या गाळण्या माणसाच्या डोळ्यासारख्या असाव्यात अशी अपेक्षा असते, पण हुबेहूब तशा नसतात. साध्या पांढऱ्या एलईडीत निळ्या एलईडीवर पिवळं फॉस्फर असतं आणि त्याचा उजेड हिरव्यापासून लालपर्यंत पसरलेला असतो. नव्या वाइड गॅमट पॅनेलमध्ये बहुतेक वेळा लालसाठी फ्लुओराइड फॉस्फर असतं. त्याचा लाल ६३१ नॅनोमीटरच्या आसपास दोन-तीन अगदी बारीक रेषांत एकवटलेला असतो. डाव्यासाठीची `wled.ccss` उजव्यालाही दिली तर मीटर त्या बारीक रेषा चुकीच्या वजनाने मोजतो. DisplayCAL च्या `Correction` यादीत साध्या एलईडीसाठी `White LED` आणि या नव्या जातीसाठी `PFS Phosphor` असे शब्द असलेल्या नोंदी दिसतात. आमच्याकडे उजव्याच्या पहिल्या मोजणीतही त्याच्या जातीचीच फाइल दिली होती, तरी खात्रीसाठी काढून-घालून पाहिली. फाइल बदलली की आकडा हलतो, म्हणजे ती खरोखर वापरली जातेय.

दुसरं कारण खोलवरचं आहे आणि त्यावर मीटरकडे औषध नाही. x आणि y हे आकडे १९३१ साली ठरलेल्या प्रमाण निरीक्षकावर, म्हणजे सरासरी डोळ्याच्या नमुन्यावर, बसवलेले आहेत. तो निरीक्षक राइट आणि गिल्ड यांच्या प्रयोगांतून घडला, एकूण सतरा माणसांच्या डोळ्यांवरून, आणि तोही फक्त दोन अंशांच्या ठिपक्याकडे बघताना. निळ्याच्या टोकाला त्याची संवेदना कमी धरली गेली होती, हे १९५१ मध्ये जड यांनी दुरुस्ती सुचवली तेव्हापासून माहीत आहे. उजेड पसरट असेल तर ही त्रुटी दोन्ही मॉनिटरांवर सारखीच लागू होते आणि एकमेकींना झाकते. एकाचा उजेड पसरट आणि दुसऱ्याचा रेषांत एकवटलेला असला की झाकली जात नाही. प्रमाण निरीक्षकाला दोन्ही सारखे, तुमच्या-माझ्या डोळ्याला वेगळे. सोनीने आपल्या प्रसारण-दर्जाच्या ओएलईडी मॉनिटरांसाठी पांढऱ्याचा x ०.००६ ने आणि y ०.०११ ने मुद्दाम कमी करायला सांगितला तो याच कारणाने. तसं केलं नाही तर ओएलईडीचा पांढरा जुन्या ट्यूबच्या मॉनिटरशेजारी पिवळट-हिरवट दिसायचा. आमचा उजवा ओएलईडी नाही, म्हणून तो आकडा तसाच उचलता येत नव्हता, पण दिशा तीच निघाली.

यावर उपाय एकच: एका मॉनिटरवर मीटरचं ऐकायचं, दुसऱ्यावर डोळ्याचं, आणि मग डोळ्याने ठरवलेला पांढरा मीटरने मोजून तोच आकडा त्या मॉनिटरचं लक्ष्य म्हणून द्यायचा.

डोळ्याने जुळवणं म्हणजे अंदाजपंचे नव्हे. त्यालाही रीत आहे. काळ्या कार्डशीटमध्ये पाच-पाच सेंटिमीटरची दोन चौकोनी भोकं कापली, त्यांच्यातलं अंतर असं की प्रत्येक भोक आपापल्या मॉनिटरवर, जोडापासून साधारण दहा सेंटिमीटर आत पडेल. कार्डशीट दोन्ही मॉनिटरांपुढे टेकवलं की कडा, बेझेल, काचेचं टेक्स्चर सगळं झाकलं जातं आणि डोळ्यासमोर फक्त दोन पांढरे चौकोन उरतात. हे न करता दोन पूर्ण पडदे बघितले तर डोळा फ्रेमचा काळा, टेबल, भिंत सगळं जमेस धरतो आणि ठरवणं कठीण होतं.

आधी दोन्हींचा उजेड जुळलाय का ते पाहायचं, कारण जास्त उजेडाचा चौकोन नेहमी स्वच्छ आणि थोडा निळसर वाटतो. मग दोन-तीन सेकंद बघायचं, नजर राखाडी भिंतीकडे वळवायची, गेन एक पायरी हलवायचा, पुन्हा बघायचं. टक लावून बघत बसलं तर अर्ध्या मिनिटात डोळा दोन्ही पांढऱ्यांना सरावतो आणि सगळंच बरोबर वाटायला लागतं. पिवळट दिसतोय म्हणून आधी निळा ९५ वरून ९६ केला, मग ९७. पिवळटपणा गेला, किंचित हिरवा उरल्यासारखा वाटला. हिरवा ९९ वरून ९८ केला तर चौकोन गुलाबी पडला. मेनूतली हिरव्याची एक पायरी म्हणजे हिरव्या उजेडात दोन टक्क्यांहून जास्त बदल, त्यामुळे इथे पायरीच जाड पडते. हिरवा परत ९९ वर आणला आणि उरलेला अंश प्रोफाइलवर, म्हणजे मोजणीवरून बनणाऱ्या त्या मॉनिटरच्या रंग-फाइलवर, सोपवला.

हे एकट्याने करू नये. साठीच्या घरातल्या मालकांनी आणि पंचविशीतल्या डिझायनरने आळीपाळीने, एकमेकांचे आकडे न सांगता जुळवलं. मालकांनी निळा ९६ वर थांबवला.

"दादा, अजून पिवळाच दिसतोय की ओ उजवा," डिझायनर म्हणाली.

"मला तर बरोब्बर वाटतोय," मालक म्हणाले.

दोघंही खरंच सांगत होते. वयाबरोबर डोळ्याचं भिंग पिवळं होत जातं आणि निळा उजेड कमी आत जातो. रेषांत एकवटलेल्या उजेडाला हा फरक जास्तच भोवतो. रंगाचं काम रोज ती करते, म्हणून तिचा ९७ धरला. जिथे दोघं सारखंच काम करत असतील तिथे मधला आकडा घ्यावा.

मग मीटर नेमका त्याच जागी, कार्डशीटचं भोक जिथे होतं तिथे टेकवला. x ०.३०९५, y ०.३२२५. म्हणजे मीटरच्या हिशेबाने उजवा आता डी६५ पासून सरकलेला आणि डोळ्याच्या हिशेबाने डाव्याशी जुळलेला. हाच आकडा महत्त्वाचा. तो कागदावर लिहून ठेवला.

आता प्रोफाइल. DisplayCAL मध्ये डाव्यासाठी `Whitepoint` ला `Chromaticity coordinates` निवडून ०.३१२७ आणि ०.३२९०, `White level` ११०, `Tone curve` ला `Gamma 2.2`. उजव्यासाठी सगळं तेच, फक्त पांढऱ्याच्या जागी ०.३०९५ आणि ०.३२२५, आणि `Correction` त्याची स्वतःची. गॅमा दोन्हींना २.२ देणं विसरू नये. पांढरा जुळूनही मधल्या राखाडी छटा वेगळ्या दिसत असतील तर दोष बहुधा तिथेच असतो, कारण मेनूत २.२ लिहिलेलं असूनही प्रत्यक्षात २.०५ किंवा २.३५ मिळणं काही नवीन नाही. एकेका मॉनिटरला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. तेवढा वेळ माउस हलवायचा नाही आणि पंख्याच्या वाऱ्याने मीटरची वायर हलून तो काचेवरून उचलला जात नाही ना, एवढं बघायचं.

पडताळणीत एक फसवी जागा आहे. उजव्याचा अहवाल डी६५ शी ताडून काढला तर पांढऱ्यापुढे साडेतीनच्या आसपास डेल्टा-ई, म्हणजे हव्या आणि मोजलेल्या रंगातल्या फरकाचा आकडा, दिसतो आणि सॉफ्टवेअर लाल खूण करतं. तो चुकला म्हणून परत डी६५ वर आणू नका. उजव्याला त्याच्या स्वतःच्या लक्ष्याशी ताडा. आमचा सरासरी डेल्टा-ई एकच्या आत राहिला, राखाडी छटांमध्ये कुठे दीडच्या वर गेला नाही.

एवढं झाल्यावर चपलेचा फोटो पुन्हा उघडला. कातडं दोन्हीकडे सारखं. गोंडा मात्र उजवीकडे अजून भडक होता, आणि हा वेगळाच मुद्दा आहे. पांढरा, राखाडी आणि कातड्यासारखे मवाळ रंग पांढरा बिंदू आणि गॅमा यांनी जुळतात. गोंड्याचा लाल शुद्ध आहे, तो मॉनिटरच्या मूळ लालवर अवलंबून असतो. उजव्याचा मूळ लाल डाव्याच्या पलीकडचा आहे. प्रोफाइल वाचणाऱ्या सॉफ्टवेअरला हे कळतं आणि ते उजव्याला तेवढाच लाल पाठवतं जेवढा डावा दाखवू शकतो. फोटोशॉप प्रोफाइल वाचतं. आम्ही मात्र फोटो विंडोजच्या साध्या खिडकीत उघडला होता, आणि तिथे प्रोफाइल कुणी विचारत नाही. फोटोशॉपमध्ये उघडल्यावर गोंडा दोन्हीकडे एक झाला.

यावर सरळ पर्याय म्हणजे उजव्याच्या मेनूतला `sRGB` मोड. या मॉनिटरवर तो मोड घेतला की ब्राइटनेसची पट्टीच राखाडी होते, ११० ला येता येत नाही, म्हणून सोडून दिला. ज्यांच्या मॉनिटरवर त्या मोडमध्ये ब्राइटनेस हलतो त्यांनी तोच घ्यावा, कारण मग डेस्कटॉप, व्हॉट्सअ‍ॅप, सगळंच जुळतं. गेन बंद असले तरी हरकत नाही, पांढरा प्रोफाइलमधून ढकलता येतो. अंधाऱ्या छटांत थोडे पट्टे दिसू शकतात एवढंच. आम्ही दुसरी वाट धरली: ग्राहक व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात ते फोटो कायम डाव्या मॉनिटरवर उघडायचे आणि रंगाबद्दलचा कुठलाही निर्णय फक्त फोटोशॉपमध्ये घ्यायचा.

फोटोशॉपमध्येही एक काळजी घ्यावी लागते. एकच खिडकी दोन्ही मॉनिटरांवर अर्धी-अर्धी पसरून तुलना करू नये. ती बहुतांशी ज्या मॉनिटरवर आहे त्याचंच प्रोफाइल पूर्ण खिडकीला लागतं, त्यामुळे दुसरीकडची अर्धी बाजू हमखास चुकीची दिसते. `Window` मेनूतल्या `Arrange` खाली `New Window` घेऊन त्याच फाइलच्या दोन खिडक्या करायच्या आणि एकेक मॉनिटरवर एकेक ठेवायची.

जोडावर अजून थोडा फरक जाणवत होता. मीटरने डाव्याच्या मध्यावर ११० होते, पण त्याच्या उजव्या कडेला १०१. उजव्याच्या डाव्या कडेला १०६. म्हणजे जिथे दोन मॉनिटर एकमेकांना भेटतात तिथेच पाच निटांचा फरक, आणि नजर नेमकी तिथेच जाते. पॅनेल सगळीकडे सारखा उजेड देत नाही, ते मेनूतून सुधारत नाही. कडा जुळवायला मध्य बिघडवणं चुकीचं, म्हणून निम्मी तडजोड केली: उजव्याचा ब्राइटनेस एक पायरी खाली, मध्य १०७, कड १०३. आता कडेला १०१ आणि १०३ उरले, आणि बेझेलची पट्टी मध्ये असल्याने तेवढं दिसत नाही. काळ्याच्या बाबतीत काही केलं नाही. डाव्याचा काळा ०.१४ निट, उजव्याचा ०.१०, दोन्ही आयपीएस असल्याने खोलीत ट्यूब चालू असताना फरक कळत नाही. शेजारी व्हीए पॅनेल असतं तर तीनपट खोल काळा दिसला असता आणि त्याला वर उचलून राखाडी करण्यापेक्षा तसाच सोडणं बरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक चालू केला तर लॉगिननंतर उजव्यावर रंग क्षणभर बदलून परत मागे गेला. दोन प्रोफाइल लोडर एकमेकांशी झटापट करत होते, एक DisplayCAL चा आणि एक ग्राफिक कार्डाच्या युटिलिटीचा. दुसरा स्टार्टअपमधून काढला. विंडोजच्या `colorcpl` मध्ये दोन्ही मॉनिटरांसाठी `Use my settings for this device` वर खूण आहे आणि आपलंच प्रोफाइल `Default` आहे, हे पाहून घेतलं. तिथे `Identify monitors` दाबून आकडा पडद्यावर बघावा, कारण नाव सारखं वाटून डाव्याचं प्रोफाइल उजव्याला लावणं फार सोपं आहे.

टेबल पुसताना केबल काढून दुसऱ्या पोर्टात घातली तर विंडोज त्याला नवा मॉनिटर समजू शकतं आणि प्रोफाइल गळून पडतं. मॉनिटरच्या मेनूतले गेन तसेच राहतात, त्यामुळे फरक अगदी बारीक असतो: पांढरा जवळजवळ ठीक, पण राखाडी छटा थोड्या वाकलेल्या आणि फोटोशॉपमध्ये गोंडा पुन्हा भडक. गोंडा भडक दिसला की आधी पोर्ट बघायचा, मग बाकीचं. दोन्ही केबलींवर आणि दोन्ही पोर्टांवर डा आणि उ अशी चिकटपट्टी लावली.

प्रत्येक मॉनिटरच्या पाठीवर एक कागद चिकटवलाय. डाव्यावर: ब्राइटनेस ४९, लाल ९५, हिरवा ९७, निळा १००, x ०.३१२७, y ०.३२९०. उजव्यावर: ब्राइटनेस १६, लाल १००, हिरवा ९९, निळा ९७, x ०.३०९५, y ०.३२२५. महिन्यातून एकदा, मॉनिटर अर्धा तास तापल्यावर, `spotread` ने दोन्हींचा पांढरा मोजायचा, प्रत्येकाला त्याची स्वतःची `.ccss` देऊन. उजेड पाचेक निटांनी घसरला असेल तर फक्त ब्राइटनेस वर. x किंवा y ०.००३ हून जास्त सरकला असेल तर त्या मॉनिटरचं प्रोफाइल नव्याने, पण उजव्याचं लक्ष्य तेच, कागदावरचं. कार्डशीट पुन्हा काढायची वेळ दोनपैकी एखादा मॉनिटर बदलला तर, किंवा रंगाचं काम दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांकडे गेलं तर.